खोलीचं भाडं, ताटाचे पैसे

जून लागला की पुण्यात पेठांपासून कर्वेनगरपर्यंत किराणा दुकानांच्या काचांवर चिठ्ठ्या दिसू लागतात : ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा मिळेल, नाश्ता-जेवणासह.’ मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला असतो, मुलगी लग्न होऊन सासरी. तिसरी खोली रिकामी असते आणि गृहकर्जाचे हप्ते अजून संपलेले नसतात. मग दोन कॉट टाकून दोन मुली ठेवल्या जातात. महिन्याला वीस-बावीस हजार रुपये घरात येऊ लागतात, बहुतेक वेळा फोनवरच, क्यूआर कोड स्कॅन करून.

या पैशांचं प्राप्तिकराच्या विवरणपत्रात काय करायचं, याबद्दल मात्र बऱ्याच घरांत गोंधळ असतो. काही जण ते दाखवतच नाहीत. काही जण आलेली सगळी रक्कम ‘इतर उत्पन्न’ म्हणून टाकतात आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त कर भरतात. काही जण रंगकामापासून वायफायपर्यंत प्रत्येक खर्च वजा करतात आणि नोटीस आली की अडकतात. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मुलीने महिन्याला दिलेले अकरा हजार आपण एकच रक्कम समजतो, कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या दोन रकमा असतात. एक खोलीचं भाडं, दुसरी जेवणाचे पैसे. दोन्हींचे नियम वेगळे, वजावटी वेगळ्या, आणि काही घरांत मालकही वेगळे.

आधी भाड्याचं पाहू. ज्याच्या नावावर घर आहे त्याला घरातून मिळणारं भाडं ‘घरमालमत्तेपासूनचं उत्पन्न’ या सदरात मोजलं जातं. पूर्वी काही मालक हे भाडं व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवत. तसं केलं की डागडुजी, रंग, वीज, खाटा-कपाटांचा घसारा असे सगळे खर्च वजा करता येत आणि करपात्र रक्कम जवळजवळ संपून जाई. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पाने हा रस्ता बंद केला. राहतं घर किंवा त्याचा एखादा भाग मालकाने भाड्याने दिला, तर ते उत्पन्न व्यवसायाच्या सदरात येणार नाही, घरमालमत्तेच्या सदरातच येईल, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं. २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नापासून हे लागू आहे. तेव्हा ‘आमच्याकडे पीजी चालतं, म्हणजे तो धंदाच आहे’ हा युक्तिवाद खोलीच्या भाड्यापुरता आता टिकत नाही.

या सदरात वजावटी मोजक्याच आहेत. वर्षभराच्या भाड्यातून आधी महापालिकेला भरलेला मालमत्ता कर वजा होतो. उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, आणि त्यानंतर गृहकर्जाचं व्याज. बाकी काही नाही. ३० टक्क्यांसाठी एकही बिल दाखवावं लागत नाही. तुम्ही वर्षभरात खोलीवर एक रुपया खर्च केला नसला तरी ती मिळते आणि एक लाख खर्च केले असले तरी तेवढीच मिळते. सोसायटीचा मेंटेनन्स, प्लंबर, नवी गादी, वायफाय, दलाली, भाडेकराराचं मुद्रांकशुल्क, हे सगळं या ३० टक्क्यांत आलं असं कायदा धरून चालतो. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ३० टक्के घेऊन वर पुन्हा मेंटेनन्स वजा केलेली विवरणपत्रं सर्रास भरली जातात.

विजेच्या बाबतीत थोडी सोय करून घेता येते. भाड्यातच वीज धरली, तर तीही भाडंच झाली आणि ३० टक्क्यांपलीकडे तिची वजावट नाही. पण खोलीला सब-मीटर बसवला आणि महिन्याला जेवढं रीडिंग पडलं तेवढेच पैसे वेगळे घेऊन बिल भरलं, तर ती मुलींच्या वतीने केलेली भरपाई होते. तिच्यात तुमचं उत्पन्न नाही. फक्त रीडिंगची नोंद ठेवावी आणि त्यात नफा ठेवू नये.

खरा गुंता सुरू होतो तो घर एकच असून त्याचा एक भाग भाड्याने आणि बाकीच्या भागात मालक स्वतः, या रचनेमुळे. कायदा अशा घराचे दोन तुकडे करून पाहतो. मालक राहतो त्या भागाचं उत्पन्न शून्य धरलं जातं आणि त्या भागाच्या मालमत्ता कराची वजावटही मिळत नाही. भाड्याच्या भागाचा हिशेब स्वतंत्र होतो. म्हणून मालमत्ता कर आणि व्याज दोन्ही वाटून घ्यावे लागतात आणि ते क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटण्याची पद्धत आहे. हॉल आणि स्वयंपाकघर सगळेच वापरतात, त्यांचं काय, असा प्रश्न लोक विचारतात. भाडेकरूच्या पूर्ण ताब्यात असलेली जागा भाड्याच्या भागात धरावी, सामाईक जागा मालकाकडे ठेवावी, हे सर्वांत सुरक्षित. प्रमाण एकदा कागदावर मांडून ठेवावं आणि दरवर्षी तेच वापरावं.

मालमत्ता कराबद्दल आणखी दोन गोष्टी. तो त्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेला असला पाहिजे. बिल आलं पण भरलं नाही, तर वजावट नाही. उलट मागची थकबाकी या वर्षी भरली, तर ती या वर्षी मिळते. आणि पुण्यातल्या मालकांनी हेही लक्षात ठेवावं की निवासी मालमत्ता करातली ४० टक्के सवलत घर स्वतःच्या वापरात असण्याशी जोडलेली आहे. खोली भाड्याने देण्याआधी तिचा हिशेबही मनात असू द्यावा.

आता एक घर घेऊ. कोथरूडमध्ये ८४० चौरस फुटांचा फ्लॅट, काकांच्या एकट्याच्या नावावर. काका पंचावन्न वर्षांचे, नोकरीत, वर्षाचा पगार १२,१०,०००. काकू नोकरी करत नाहीत. मुलाची खोली आणि तिला जोडलेलं बाथरूम मिळून २१० चौरस फूट, म्हणजे घराचा चौथा हिस्सा, दोन मुलींना दिलेला. दोघी महिन्याला प्रत्येकी ११,००० देतात. त्यात कॉटचे ७,००० आणि नाश्ता व रात्रीच्या जेवणाचे ४,०००. एक मुलगी वर्षभर राहिली. दुसरी कॉट मे आणि जून असे दोन महिने रिकामी होती. आर्थिक वर्ष २०२५-२६.

दोघींचे मिळून बावीस महिने झाले. भाडं १,५४,०००. कॉट रिकामी होती त्या दोन महिन्यांचं भाडं धरण्याची गरज नाही, कारण जागा रिकामी राहिल्यामुळे भाडं कमी आलं तर कायदा प्रत्यक्ष आलेली रक्कमच मानतो. मालमत्ता कर सोळा हजार भरला, त्याचा चौथा हिस्सा ४,०००. राहिले १,५०,०००. त्यावर ३० टक्के म्हणजे ४५,००० वजा केले की १,०५,०००. गृहकर्जाचं वर्षाचं व्याज ६०,०००, त्यातला खोलीचा हिस्सा १५,०००. शेवटी भाड्याचं करपात्र उत्पन्न ९०,०००.

व्याजाच्या या १५,००० कडे नीट पाहावं. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. म्हणून ते व्याजाचा रकानाच सोडून देतात. पण भाड्याने दिलेल्या भागाच्या व्याजाची वजावट नव्या प्रणालीतही चालू आहे. काकांचे उरलेले ४५,००० खोलीबाहेरच्या घराचे, ते नव्या प्रणालीत वाया जातात. खोलीचे १५,००० मात्र मिळतात. ज्यांचं कर्ज नवं आणि मोठं आहे, त्यांनी मात्र एक मर्यादा ओळखावी. खोलीच्या वाट्याचं व्याज भाड्यापेक्षा जास्त होऊन तोटा निघाला, तर नव्या प्रणालीत तो तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या प्रणालीत तो वर्षाला दोन लाखांपर्यंत होतो.

आता जेवणाचे पैसे. बावीस महिन्यांचे ८८,०००. हे भाडं नाही, म्हणून ३० टक्क्यांची सरसकट वजावट याला लागत नाही. इथे खरा खर्च वजा होतो : किराणा, दूध, भाजी, गॅस आणि पोळ्या करणाऱ्या ताईंच्या पगाराचा वाटा. समजा तो ६२,००० झाला, तर नफा २६,०००. हा नफा कोणाचा? घराचं भाडं ज्याच्या नावावर घर आहे त्याचंच, मग ते कोणाच्याही खात्यात जमा होवो. जेवणाचं उत्पन्न मात्र जो ते काम करतो त्याचं. कोथरूडच्या या घरात पहाटे उठून पोहे करणाऱ्या, रात्री दहाला उशिरा आलेल्या मुलीला गरम भाकरी वाढणाऱ्या काकू आहेत. बाजार त्याच करतात, पैशांचा हिशेबही त्याच ठेवतात. मग हे २६,००० त्यांच्या कमाईचे आहेत आणि त्यांच्याच नावावर मोजले पाहिजेत. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. हजारो घरांत बाईच्या या कष्टांचे पैसे नवऱ्याच्या उत्पन्नात मिसळून जातात. त्याने करही वाढतो आणि तिच्या नावावर कसलीही नोंद राहत नाही.

पण हे कागदावरचं सोंग असता कामा नये. जेवणाचे पैसे मुलींनी थेट काकूंच्या खात्यात टाकावेत आणि त्याच खात्यातून किराणा यावा. सगळं सामान काकांच्या पैशांनी येत असेल आणि काकूंचं फक्त नाव असेल, तर ते उत्पन्न फिरून काकांकडे धरलं जाऊ शकतं. खर्चाची वही ठेवावी. रोजचं काटेकोर नको, पण महिन्याचं किराणा बिल, गॅसची पावती, दूधवाल्याचा हिशेब एवढं तरी असावं. काकूंचं वर्षाचं सगळं उत्पन्न, ठेवींच्या व्याजासह, चार लाखांच्या आत असेल, तर नव्या प्रणालीत त्यांना कर लागत नाही.

आता काकांचा कर. पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट झाली की ११,३५,००० राहतात. खोली दिली नसती तर कर शून्य होता, कारण नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत करसवलत आहे. ९०,००० मिळवले की १२,२५,००० होतात. बारा लाख ओलांडले, आता सवलत गेली, साठ हजारांहून जास्त कर बसणार, असं लोकांना वाटतं आणि तिथेच पैसे लपवण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. कायद्यात सीमांत सवलत आहे. बारा लाखांच्या थोडं वर गेलेल्याला, जेवढं वर गेला त्याहून जास्त कर लागत नाही. काका २५,००० ने वर आहेत, म्हणून कर २५,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून २६,०००.

याची दुसरी बाजू अशी की बारा लाखांपासून साधारण १२,७०,००० पर्यंतच्या पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येक रुपयाबरोबर जवळपास पूर्ण रुपया करात जातो. या पट्ट्यात वजावट विसरणं फार महाग पडतं. काकांनी खोलीच्या वाट्याचं १५,००० व्याज घ्यायचं राहून दिलं, तर कर १५,६०० ने वाढेल. मालमत्ता कराचे ४,००० विसरले, तर ३० टक्क्यांची वजावट थोडी वाढूनही २,९१२ रुपयांचा फटका बसेल. निव्वळ एक रकाना रिकामा राहिला म्हणून.

आणि विभागणीच केली नाही तर? सगळे २,४२,००० काकांनी ‘इतर उत्पन्न’ म्हणून एकही वजावट न घेता टाकले, तर उत्पन्न १३,७७,००० होतं आणि कर सुमारे ९०,०००. सगळे २,४२,००० भाडं म्हणून दाखवले, तर मालमत्ता कर, ३० टक्के आणि व्याज वजा करूनही उत्पन्न १२,८६,६०० होतं आणि कर सुमारे ७५,९००. घर तेच, मुली त्याच, पैसेही तेवढेच. फरक फक्त रक्कम कशी मांडली याचा. काकांनी जुनी प्रणाली निवडली, दीड लाखांची गुंतवणूक पूर्ण दाखवली आणि घराचं सगळं व्याज घेतलं, तरी कर एक लाख तेहेतीस हजारांच्या आसपास जातो. म्हणजे त्यांच्यासाठी नवीच बरी.

हे वाचून कोणाला वाटेल, मग भाडं तीन हजार आणि जेवण आठ हजार दाखवू. ते चालणार नाही. भाड्याचं उत्पन्न ठरवताना कायदा फक्त तुम्ही घेतलेलं भाडं पाहत नाही. तशाच खोलीला त्या भागात वाजवी किती भाडं आलं असतं, हेही पाहतो आणि दोन्हींपैकी जास्त असेल ते धरतो. कोथरूडमध्ये जेवणाशिवाय कॉटला सात हजार पडत असतील आणि तुम्ही तीन दाखवले, तर करनिर्धारण अधिकारी सातच धरेल. शेजारच्या दोन-तीन जागांचे दर लिहून ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय. जेवणाच्या दराचंही तसंच. जवळच्या मेसचा महिन्याचा दर पाहिला की आपला आकडा वाजवी आहे की नाही, लगेच कळतं.

विभागणी विवरणपत्र भरताना जुलैमध्ये आठवून करायची नसते. मुलगी राहायला येते त्याच दिवशी ती कागदावर यावी. खोलीचा करार लिव्ह अँड लायसन्सचा करावा आणि नोंदवावा, त्यात फक्त भाडं आणि अनामत. जेवणाचं वेगळ्या कागदावर, काकूंच्या सहीने. पावत्याही दोन. याचं कारण फक्त नीटनेटकेपणा नाही. हिंजवडीत नोकरी करणारी आणि जुन्या प्रणालीत असलेली मुलगी घरभाडे भत्त्याची सूट मागते तेव्हा ती ऑफिसात भाड्याची पावती देते. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल, तर घरमालकाचा पॅनही द्यावा लागतो. काकांनी अकरा हजार भाड्याची पावती दिली, तर वर्षाचे १,३२,००० होतात, काकांचा पॅन तिच्या कंपनीकडे जातो आणि काका विवरणपत्रात तिचं भाडं ८४,००० दाखवतात. नोटीस इथून जन्माला येते. पावती सात हजारांची असेल, तर तिचं वर्ष ८४,००० चंच होतं आणि दोन्हीकडचे आकडे जुळतात. मुलीनेही जेवणाच्या पैशांवर भत्त्याची सूट मागणं चूकच आहे. ती सूट भाड्यासाठी आहे.

अनामत उत्पन्न नाही, कारण ती परत द्यायची आहे. पण शेवटच्या महिन्याचं भाडं अनामतीतून वळतं केलं, की तेवढी रक्कम त्या दिवशी भाडं झाली. ती हिशेबात धरायला लोक विसरतात. एखादी मुलगी भाडं न देताच गेली तर? भाडं ज्या महिन्याचं येणं झालं त्या महिन्याचं धरलं जातं, मिळालं की नाही यावर नव्हे. मात्र ती खरोखर निघून गेली असेल, तुमच्या दुसऱ्या कोणत्याही जागेत राहत नसेल आणि वसुलीचा प्रयत्न केलेला असेल किंवा तो निरर्थक असल्याचं दाखवता येत असेल, तर ती रक्कम वगळता येते. फोनवरचे मेसेज आणि एक रजिस्टर पत्र अशा वेळी उपयोगी पडतं.

घर पती-पत्नी दोघांच्या नावावर असेल आणि वाटे ठरलेले असतील, तर भाडं, मालमत्ता कर आणि व्याज त्या वाट्यांनुसार दोघांच्या विवरणपत्रांत विभागून येतं. पण व्याजाची वजावट घेण्यासाठी कर्जातही त्याचं नाव असावं लागतं. आणि ज्यांचं स्वतःचं घर नाही, जे भाड्याच्या फ्लॅटमधली एक खोली पुढे कॉट बेसिसवर देतात, त्यांच्यासाठी यातलं फारसं काही लागू नाही. ते मालक नसल्याने त्यांना ३० टक्के मिळत नाहीत. त्यांचं उत्पन्न ‘इतर’ सदरात जातं आणि त्यातून त्या खोलीच्या वाट्याचं त्यांनी भरलेलं भाडं वजा करता येतं.

मागच्या एक-दोन वर्षांचं भाडं दाखवायचं राहून गेलं असेल, तर त्यासाठी सुधारित विवरणपत्राची मुदत संपल्यावरही ‘अद्ययावत विवरणपत्र’ भरण्याची सोय आहे. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत ते भरता येतं. त्यावर कर आणि व्याजाच्या वर जादा रक्कम लागते, पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६० आणि ७०. म्हणजे जितका उशीर तितकं महाग.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याच्या जागी नवा प्राप्तिकर कायदा आला आहे. २०२५-२६चं उत्पन्न अजून जुन्याच कायद्याने मोजलं जाईल. पुढच्या वर्षापासून कलमांचे क्रमांक बदलतील, पण मालमत्ता कर, ३० टक्के आणि व्याज हा क्रम तसाच ठेवलेला आहे. त्यामुळे या जूनमध्ये नव्या मुली यायच्या आत दोन कोरी पावतीपुस्तकं आणून ठेवावीत, एक काकांच्या नावाचं आणि एक काकूंच्या.